रूट कॅनल आणि कॅप: हातात येणारा आकडा आणि प्रत्यक्ष लागणारा पैसा

प्रश्न: वरच्या डावीकडच्या पहिल्या दाढेचं रूट कॅनल सांगितलंय. एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळा डाग आहे. पुण्यात एका दवाखान्यात ४,५०० म्हणाले, दुसरीकडे रूट कॅनल तज्ज्ञ ८,००० घेतात, कॅप दोन्हीकडे वेगळी. कॅपचे भाव ५,००० पासून १५,००० पर्यंत ऐकले. शेवटी एकूण किती जातील? नंतरही जावं लागतं का? आणि फेल झालं तर सगळा खर्च परत करायचा का?

उत्तर:

फोनवर किंवा पहिल्या भेटीत जो आकडा सांगतात, तो बहुतेक वेळा फक्त नसांच्या नळ्या साफ करून भरण्याचा असतो. ४,५०० आणि ८,००० हे दोन्ही आकडे तसेच आहेत. त्याच्या आधीची तपासणी, नंतरचं बिल्डअप, कॅप आणि पुढच्या दोन वर्षांतल्या पाहणीच्या भेटी त्यात धरलेल्या नसतात. म्हणून दोन दवाखान्यांची तुलना करायची तर आधी दोघांकडूनही एकाच टप्प्यापर्यंतचा आकडा मागायला हवा: 'कॅप बसवून, चावायला दाढ तयार होईपर्यंत किती?' काम चालू असताना काढावे लागणारे एक्स-रे त्यात आहेत का, तेही विचारा. निदान दोन-तीन तरी लागतातच. काही ठिकाणी ते फीमध्ये असतात, काही ठिकाणी प्रत्येकी २००-३०० रुपये वेगळे लावतात.

आता तुमचीच दाढ धरून हिशोब करू. खालचे भाव पुण्यातल्या मध्यम दवाखान्यात बसतील असे धरले आहेत. तुम्हाला मिळालेले आकडे त्या जागी टाकले की हिशोब तुमचा होईल.

तपासणी आणि पहिला एक्स-रे ५००. तज्ज्ञाकडून रूट कॅनल ८,०००. बिल्डअप १,५००. झिरकोनियाची, म्हणजे धातू नसलेल्या पांढऱ्या सिरॅमिकची, मधल्या भावाची कॅप १०,०००. औषधं ३००. नंतर सहा महिन्यांनी, एका वर्षाने आणि दोन वर्षांनी पाहणी, प्रत्येक वेळी एक्स-रेसकट ५०० म्हणजे १,५००. एकूण २१,८००. झिरकोनियाऐवजी ५,००० ची मेटल-सिरॅमिक, म्हणजे आत धातू आणि वर पांढरा थर असलेली कॅप घेतली तर १६,८००. तीच मेटल-सिरॅमिक कॅप आणि ४,५०० चं रूट कॅनल असं धरलं तर १३,३००. म्हणजे ज्या कामाचा पहिला आकडा ४,५०० होता, ते सगळ्यात स्वस्त मार्गानेही तिप्पटीच्या जवळ जातं. यात कोणी फसवलं असं नाही, प्रश्नच अर्धा विचारला गेला होता.

या यादीतलं बिल्डअप लोकांना फुकटची भर वाटते, म्हणून त्याबद्दल थोडं. कीड आणि नसांपर्यंत पोचण्यासाठी पाडलेलं भोक यामुळे दाढेचा मधला भाग पोकळ झालेला असतो. कॅप म्हणजे वरून घातलेली टोपी. ती धरून ठेवायला आत भक्कम खुंट लागतो. तो कंपोझिटने किंवा तशाच सिमेंटने उभा करतात, ते बिल्डअप. दाढेच्या भिंती फारच गेल्या असतील तर मुळात एक काडी, म्हणजे पोस्ट बसवून त्यावर बिल्डअप करतात आणि खर्च आणखी दीड-दोन हजारांनी वाढतो. दाढांना पोस्ट सहसा लागत नाही, कारण आतली पोकळीच बिल्डअपला पकड देते. त्यामुळे दाढेसाठी पोस्ट सांगितली तर 'का लागते?' असं जरूर विचारा. पोस्टने दात मजबूत होत नाही, ती फक्त बिल्डअप धरून ठेवते. महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे: हिरडीच्या वर, चहूबाजूंनी दोनेक मिलिमीटर उंचीची निरोगी दाताची कड शिल्लक हवी, म्हणजे कॅपची किनार खऱ्या दातावर टेकते. ती कड नसेल तर कितीही महागडी कॅप घाला, ती निघत राहते किंवा मूळ तडकतं. ही कड आहे का, हे रूट कॅनल सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचारण्यासारखं आहे, कारण उत्तर 'नाही' असेल तर आधी हिरडी आणि हाड थोडं मागे घेण्याची छोटी शस्त्रक्रिया लागते किंवा दाढ काढणंच शहाणपणाचं ठरतं. तेव्हा वरचा सगळा हिशोबच बाद.

किती भेटी? डाग असलेल्या दाढेला बहुधा चार धरा. पहिल्या भेटीत बधिर करून भोक पाडतात, नळ्या शोधतात, त्यांची लांबी मोजतात, घासतात, धुतात आणि आत कॅल्शियमचं औषध ठेवून तात्पुरत्या सिमेंटने बंद करतात. एक ते तीन आठवड्यांनी दुसरी भेट. तोवर ठणका आणि पू थांबलेला असला की नळ्या गट्टा पर्चा या रबरासारख्या पदार्थाने कायमच्या भरतात. तिसऱ्या भेटीत बिल्डअप करून दाढ कॅपसाठी चहूबाजूंनी घासतात आणि माप घेतात. साधारण आठवड्याने चौथ्या भेटीत कॅप बसते. नस नुकतीच दुखावलेली, डाग नसलेली दाढ असेल तर पहिल्या दोन भेटी एकाच बैठकीत होऊ शकतात, आणि एका बैठकीत केल्याने निकाल बिघडतो असं नाही. तालुक्याहून येणाऱ्याने मात्र चार फेऱ्यांचा प्रवास आणि बुडणारी रोजी हिशोबात मांडावी. कित्येकदा ती रक्कम दोन कॅपमधल्या फरकापेक्षा मोठी निघते.

आता ८,००० आणि ४,५०० मधला फरक कशाचा? वरच्या पहिल्या दाढेला तीन मुळं असतात. एक टाळूच्या बाजूचं जाड मूळ, दोन गालाच्या बाजूची. यातल्या पुढच्या, गालाकडच्या मुळात निम्म्याहून जास्त दाढांमध्ये दुसरी, अगदी बारीक नळी असते. साध्या डोळ्यांनी ती चटकन दिसत नाही. भिंगाचा चष्मा किंवा मायक्रोस्कोप लावून, त्या जागेवरचा थोडा दात काळजीपूर्वक खरवडून ती शोधावी लागते. ती राहून गेली तर आतले जंतू तसेच राहतात. दाढ काही महिने गप्प बसते आणि मग पुन्हा दुखते. वरच्या पहिल्या दाढेचं रूट कॅनल फसण्याचं हे नेहमीचं कारण आहे. खालच्या दाढेला किंवा पुढच्या एकमुळी दाताला ही भानगड तुलनेने कमी.

दुसरा फरक रबर डॅमचा. ही रबराची पातळ चादर. हिच्या भोकातून फक्त तो दात वर येतो आणि बाकी तोंड झाकलं जातं. नळ्या धुवायला वापरतात ते सोडियम हायपोक्लोराइट. घरातल्या ब्लीचमध्ये असतं तेच, पण ठरावीक मात्रेचं. चादर नसेल तर एकीकडे थुंकीतले जंतू नळीत शिरतात आणि दुसरीकडे हे द्रावण घशाला लागू नये म्हणून कमी वापरलं जातं, मग धुणंच अपुरं राहतं. चादर लावायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि साहित्याचा खर्च किरकोळ असतो. ४,५०० वाले रबर डॅम लावतात की नाही, हा प्रश्न त्यांच्या पदवीपेक्षा मला महत्त्वाचा वाटतो. साध्या दाताचं रूट कॅनल चादर लावून, वेळ देऊन करणारे जनरल डेंटिस्ट असतात आणि घाईत पंचवीस मिनिटांत उरकणारे तज्ज्ञही असतात.

आता फेल होण्याची शक्यता. यावर लोक दोन टोकाची उत्तरं देतात: 'शंभर टक्के गॅरंटी' किंवा 'रूट कॅनल टिकतच नाही'. दोन्ही चुकीची. मुळाच्या टोकाशी डाग नसताना नीट केलेलं काम शंभरातल्या नव्वदीच्या पुढे यशस्वी होतं. डाग असेल तर हे प्रमाण उतरून ऐंशीच्या आसपास येतं. कारण डाग म्हणजे संसर्ग नळीच्या टोकाबाहेर हाडापर्यंत पोचलेला आहे, आणि जंतू बारीक फाट्यांमध्ये मुरलेले असतात. तुमच्या दाढेला डाग आहे, म्हणून वीस जण मागे राहतात असं धरू. या वीसांमधल्या सगळ्यांनाच काही करावं लागतं असंही नाही. काहींचा डाग लहान होऊन तसाच थांबतो, दुखत नाही, आणि फक्त लक्ष ठेवलं जातं. हिशोबासाठी शंभरात पंधरा जणांना पुन्हा उपचार आणि तिघांना दाढ काढणं असं धरू. हे दोन आकडे मापलेले नाहीत, अंदाज बांधण्यासाठी घेतले आहेत.

पुन्हा उपचार महाग का पडतो, तर त्यात आधीचं काम उलटं करावं लागतं. नळ्यांमधला गट्टा पर्चा विरघळवून, खरवडून काढायचा. आधीच्या वेळी फाइल, म्हणजे नळी घासायची बारीक सुई, तिरकी जाऊन नळीच्या भिंतीत पायरी पडली असेल तर ती ओलांडायची. कुठे फाइलचा तुकडा मोडून राहिला असेल तर तो काढायचा किंवा त्याच्या बाजूने वाट करायची. त्यामुळे फी पहिल्याच्या दीडपट धरा, इथे १२,०००. त्याआधी त्या दाढेपुरता त्रिमितीय स्कॅन, म्हणजे सीबीसीटी, २,०००. वरच्या दाढांच्या मुळांवर वरच्या जबड्याच्या हाडातली हवेची पोकळी येत असल्याने साध्या एक्स-रेत सुटलेली नळी किंवा छोटा डाग दिसेलच असं नाही, म्हणून हा स्कॅन इथे पैसे वसूल करतो. पुढे बिल्डअप १,५०० आणि दोन पाहण्या १,०००. झाले १६,५००.

आणि कॅप? ही बेरीज ठरवणारी गोष्ट तीच. कॅप घट्ट असेल, कडेला कीड नसेल, तर तिच्यातूनच भोक पाडून काम करतात आणि शेवटी ते भोक कंपोझिटने बुजवतात. मग खर्च १६,५०० वर थांबतो. पण कॅपच्या कडेखाली कीड शिरली असेल, किंवा मेटल-सिरॅमिक कॅपचा पांढरा थर भोक पाडताना उडाला, तर जुनी कॅप कापून काढायला ५०० आणि नवी १०,०००. एकूण २७,०००. दोन्ही शक्यता निम्म्या-निम्म्या धरल्या तर सरासरी २१,७५०. त्याला शंभरात पंधराने गुणलं की साधारण ३,२५०. दाढ काढून इम्प्लांट बसवलं तर कॅपसकट ४०,००० धरा, शंभरात तीनच्या हिशोबाने १,२००. वरच्या दाढेला त्या हवेच्या पोकळीमुळे हाड अपुरं पडलं तर इम्प्लांटचा खर्च आणखी वर जातो.

म्हणजे तुमच्या दाढेचा खरा अंदाज २१,८०० अधिक ३,२५० अधिक १,२००, मिळून २६,००० च्या थोडा वर. पण हे ४,४५० रुपये कोणाच्याच खिशातून त्या रूपात जात नाहीत. एकाचा शून्य खर्च होतो, दुसऱ्याचा २७,०००. हा सरासरीचा आकडा दोन दवाखान्यांची तुलना करायला वापरायचा. बाजूला ठेवायची रक्कम ठरवताना मात्र १६,५०० डोळ्यासमोर ठेवा, कारण वेळ आलीच तर निदान तेवढे लागतील.

आता याच आकड्यांनी तुमच्या दोन दवाखान्यांचा निकाल लावू. तज्ज्ञाचे ३,५०० जास्त. पुन्हा उपचाराचा सरासरी खर्च २१,७५०. म्हणजे निव्वळ पैशांत बघितलं तर तज्ज्ञाने फेल होण्याची शक्यता शंभरात सोळाने कमी केली, तरच ती जास्तीची फी भरून निघते. पुढच्या एकमुळी दाताला इतका फरक पडणं अवघड आहे, तिथे रबर डॅम लावणारे नेहमीचे डॉक्टर पुरेसे. तुमच्या बाबतीत लपलेली चौथी नळी असण्याची शक्यता मोठी आहे, डागही आहे. इथे भिंगाशिवाय केलेलं आणि भिंग लावून केलेलं काम यांत तेवढा फरक पडू शकतो, आणि त्यात दुखणं व सुट्ट्या अजून मोजलेल्याच नाहीत. या दाढेसाठी मी ८,००० द्या म्हणेन. ते परवडत नसेल तर ते ३,५०० कॅपमधून वाचवा, रूट कॅनलमधून नाही.

कॅपमधून का? मेटल-सिरॅमिक आणि झिरकोनिया दोन्ही दाढेचं रक्षण सारखंच करतात. झिरकोनियात हिरडीशी काळी रेघ दिसत नाही आणि वरचा पोर्सेलीनचा थर नसलेली अखंड झिरकोनिया सहसा तुटत नाही. वरची पहिली दाढ हसताना काहींना दिसते, त्यांच्यासाठी तो फरक खरा. दाढेचं आयुष्य मात्र कॅपच्या जातीवर नाही, ती कधी बसते आणि कडेला किती चपखल बसते यावर ठरतं. झिरकोनियाच्या कार्डावर दहा-पंधरा वर्षांची वॉरंटी असते ती त्या टोपीच्या तुकड्याची, खालच्या दाढेची नाही. कॅप फुटली तर लॅब नवी देईल, पण ती काढणं, माप घेणं आणि बसवणं यांची डॉक्टरांची फी बहुधा तुम्हीच द्याल. दाढ पुन्हा दुखली तर कार्डाचा काहीच उपयोग नाही.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे: दुखणं थांबलं की लोक कॅप पुढे ढकलतात. तात्पुरतं सिमेंट दोन-तीन आठवड्यांसाठी असतं. ते झिजलं की थुंकी आत झिरपते आणि साफ केलेल्या नळ्या पुन्हा घाण होतात. महिने उलटले तर कॅप घालण्याआधी रूट कॅनलच परत करावं लागू शकतं. दुसरा धोका त्याहून वाईट. आतून पोकळ दाढ सुपारी, चिक्की, भाजलेला हरभरा यावर उभी चिरते. चीर एका कोपऱ्यापुरती असेल तर वाचते, तळापर्यंत गेली तर दाढ काढावी लागते आणि ८,००० मातीत. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या २००२ च्या एका अभ्यासात रूट कॅनलनंतर कॅप न घातलेले दात घातलेल्यांपेक्षा सहापट प्रमाणात गमावले गेले. म्हणून पैसे टप्प्यांत द्यायचे असतील तर आधी बिल्डअप तरी लगेच करून घ्या, म्हणजे झिरपणं थांबतं. कॅप तीन-चार आठवड्यांत बसेल असं बघा.

पाहणीच्या भेटींबद्दल. भरल्यानंतर दोन-चार दिवस चावताना दुखणं साहजिक आहे. कॅप बसल्यावर 'आधी हीच दाढ लागते' असं वाटलं तर वाट न बघता जा. उंच जागा घासायला पाच मिनिटं लागतात आणि सहसा पैसे घेत नाहीत. खरी पाहणी सहा महिन्यांनी सुरू होते, कारण हाड सावकाश भरतं. तेव्हा डाग निदान लहान झालेला हवा, वर्षाने आणखी लहान. मोठे डाग पूर्ण भरायला कधी तीन-चार वर्षंही घेतात, म्हणून वर्षाला डाग दिसतोय एवढ्यावरून 'फेल' म्हणायचं नाही. तो वाढतोय की घटतोय हे बघायचं, आणि त्यासाठी पहिला एक्स-रे आणि भरल्या दिवशीचा एक्स-रे, दोन्हींची प्रत स्वतःजवळ ठेवा. दवाखाना बदलला तर हेच कामाला येतात.

ही दाढ आता ठणकून इशारा देईलच असं नाही. नस नसल्यामुळे कॅपखाली लागलेली कीड शांतपणे वाढते. हिरडीवर दाण्याएवढी पुळी येऊन फुटणं आणि परत येणं ही पक्की खूण, मग दुखो वा न दुखो. आतला पू तिथून वाट काढत असतो, म्हणूनच दुखत नाही. दाढेच्या एकाच बाजूला हिरडीत अरुंद आणि खोल फट लागली तर मूळ उभं तडकल्याची शंका घ्यावी. मूळ तडकलं असेल तर पुन्हा रूट कॅनल करून उपयोग नाही. म्हणून १२,००० च्या दुसऱ्या उपचाराला होकार देण्याआधी हे विचारा: 'तडा नाही हे कशावरून ठरवलं, आणि पहिल्या वेळी काय राहिलं होतं?' दुसऱ्याचं उत्तर 'चौथी नळी' किंवा 'भरलेलं टोकापर्यंत पोचलेलं नाही' असं नेमकं असेल तर पुन्हा उपचारात अर्थ आहे. नळ्या व्यवस्थित भरलेल्या दिसत असूनही डाग वाढत असेल, तर हिरडी उघडून मुळाचं टोक कापण्याची शस्त्रक्रिया हा पर्याय निघतो. तिथे चांगली बसलेली कॅप वाचते.

पुन्हा उपचार त्याच डॉक्टरांकडे असेल तर फीबद्दल आधीच बोलून घ्या. बरेच जण वर्षाच्या आत फेल झालं तर फी घेत नाहीत किंवा अर्धी घेतात, पण कॅपचा खर्च त्यात येत नाही. कॅप तुम्ही वेळेत घातली नसेल तर ही सवलत मागायला जागाही राहत नाही.

विम्याचं थोडक्यात: नेहमीच्या मेडिक्लेममध्ये अपघात वगळता दातांचं बाह्यरुग्ण काम सहसा बसत नाही. उपचारावर जीएसटी लागत नाही, बिलात वेगळा लावला असेल तर विचारा. हा सगळा खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, पुण्याच्या आसपास खासगी दंत महाविद्यालयंही आहेत. तिथे फी दवाखान्याच्या मानाने फार थोडी असते. काम विद्यार्थी करतात, पण प्रत्येक टप्पा शिक्षक तपासतात. चौथी नळी असलेल्या वरच्या दाढेसाठी तिथल्या पदव्युत्तर रूट कॅनल विभागातच नाव नोंदवा. बदल्यात चारऐवजी सहा-आठ फेऱ्या धरा. कॅपच्या लॅबचा खर्च वेगळा पडतो का, तेही पहिल्याच दिवशी खिडकीवर विचारून ठेवा.